नाणेघाट दाखवताना : गोष्ट, मोजदाद आणि दर

मागच्या महिन्यात दोन गटांनी विचारलं होतं, "ताई, आमच्या गावाजवळ किल्ला आहे, लेणी आहेत, शनिवार-रविवारी गाड्या येतात. आम्ही बायांनी वाटाड्याचं काम धरलं तर जमेल का? आणि पैसे किती घ्यायचे?" आज त्याबद्दलच सांगते. सगळ्या किल्ल्यांचं सांगायला बसले तर वेळ पुरायची नाही, म्हणून आम्ही जिथे काम करतो त्या नाणेघाटाचंच सांगते. तुमच्याकडची जागा वेगळी असेल, पण अडचणी बऱ्याचशा याच येतील.

नाणेघाट आमच्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला. घाटघर गाव ओलांडलं की गाडीरस्ता पठारावर थेट घाटाच्या डोक्यापर्यंत जातो. तिथून दोन कड्यांच्या मधली अरुंद घळ खाली कोकणात उतरते, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडे. घळीत दगडी पायऱ्या आहेत आणि थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. त्याच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा शिलालेख आहे. पठारावर दगडाचा मोठा रांजण आहे, आणि बाजूला कड्याचं उंच टोक, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. आमची फेरी एवढीच. सकाळी नऊला रांजणापाशी सुरू करायची, साडेबाराला परत तिथेच संपवायची. शेजारचा जीवधन किल्ला आम्ही दाखवत नाही. तिथे कातळातल्या अवघड जागा आहेत, त्यासाठी दोर लावता येणारी शिकलेली माणसं लागतात. पाव्हणे आग्रह करतात, "तुम्ही इथल्याच ना, मग काय अवघड?" आपण तिथे शेळ्या घेऊन गेलेलो असतो हे खरं. पण शहरातून आलेल्या, गुळगुळीत बूट घातलेल्या माणसाला घेऊन जाणं निराळं.

आधी गोष्टींचं सांगते, कारण आमची पहिली फजिती तिथेच झाली. सुरुवातीला आम्ही ऐकीव तेच सांगायचो. रांजणाशी उभं राहून ठणकावून म्हणायचो, "यात व्यापारी जकातीची नाणी टाकायचे, रोज रांजण भरायचा." एकदा एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, हे कुठे लिहिलंय?" आमच्यातली सांगणारी गप्पच झाली. खरी गोष्ट अशी की रांजणावर तसं काही लिहिलेलं नाही. ही व्यापाराची वाट होती, जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडे माल याच वाटेने जायचा, आणि रांजण जकातीचा होता अशी पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. समजूत सांगायला काहीच हरकत नाही, पण ती समजूत म्हणूनच सांगायची.

मग आम्ही गटाच्या सभेत बसून प्रत्येक गोष्ट तीन रकान्यांत लिहिली. पहिल्यात दगडावर जे आहे ते. दुसऱ्यात लोक म्हणतात ते. तिसऱ्यात आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तालुक्याच्या वाचनालयातून वा. वि. मिराशींचं सातवाहनांवरचं पुस्तक आणलं. मी बीए असून मलाही ते जड गेलं, पण नाणेघाटापुरती पानं आम्ही दोन बैठकांत वाचून काढली.

पहिल्या रकान्यात काय आलं? लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लेख आहे. सुरुवातीला देवांना नमन आहे, त्यात इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, यम, वरुण, कुबेर अशी नावं येतात. पुढे केलेले यज्ञ आणि दिलेली दानं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पायांच्या खुणाच उरल्यात, पण वरची काही नावं वाचता येतात. राजा सिमुक, मग सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका. हा मोठा लेख नागनिकेचा मानतात. बाईच्या नावाने ओळखला जाणारा इतका जुना लेख आपल्या तालुक्यात आहे, आणि आमच्यातल्या निम्म्या बायांना ते नाव माहीत नव्हतं. मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या लेखातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आकडे. दान किती दिलं ते अंकांत कोरलंय. एका ठिकाणी 1700 गाई आणि 10 हत्ती दक्षिणा दिल्याचा उल्लेख आहे. कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी, त्यांचेही आकडे आहेत. तेव्हा लिहिण्यात शून्य नव्हतं. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. हजाराच्या खुणेला दुसरी खूण जोडून मोठा आकडा करायचे. पाव्हण्यांना हे सांगितलं की ते भिंतीजवळ सरकतात, खुणा शोधायला लागतात. पोरं तर हटतच नाहीत. यज्ञांची नावं ओळीने म्हणून दाखवली तर दोन मिनिटांत लोक मोबाईल काढतात. तेव्हा गोष्ट निवडताना हे पाहावं की ती समोर बोट करून दाखवता येते का. जे दाखवता येतं ते लक्षात राहतं.

इथेच एक जपायचं आहे. अक्षरं फोटोत उठून दिसावीत म्हणून काही जण त्यांत खडू भरतात, पाणी मारतात, नखाने कोरतात. हे होऊ द्यायचं नाही. पुन्हा पुन्हा घासून दगडाची कड जाते आणि अक्षर पुसट होतं. आम्ही बॅटरी नेतो. भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा टाकला की कोरलेल्या जागी सावली पडते आणि अक्षरं स्पष्ट दिसतात. फोटो खडूपेक्षा चांगला येतो, मग कुणी वाद घालत नाही.

दुसऱ्या रकान्यात रांजण, आणि नानाच्या अंगठ्याची गोष्ट. नाना आणि गुणा या दोन भावांमध्ये घाट आधी कोण फोडतो अशी पैज लागली, नानाने आधी फोडला म्हणून नानाचा घाट, असं आमच्याकडे सांगतात. दुसरे म्हणतात नाण्यांवरून नाणेघाट. आम्ही दोन्ही सांगतो आणि "म्हणतात" हा शब्द सोडत नाही. तिसऱ्या रकान्यात आमच्या एका सदस्येच्या आजेसासूबाईंची आठवण आहे. लग्न होऊन आल्यावर त्या हिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन ही घळ उतरायच्या आणि येताना मीठ आणि सुकी मासळी आणायच्या. पहाटे निघून दिवस मावळायला परत. कुठल्या पायरीवर ओझं टेकवायच्या ती जागा त्यांनी स्वतः येऊन दाखवली. त्या पायरीवर बसून ही गोष्ट सांगितली की पाव्हणे गप्प होतात. आजींना विचारूनच आम्ही ती सांगतो, आणि वर्षाच्या शेवटी गटाच्या नफ्यातून त्यांना साडी-चोळी देतो. कुणाची आठवण वापरायची तर तिला विचारावं, आणि तिच्या पदरातही काही पडावं.

आता सुरक्षेचं. आणि त्याबरोबर पैशाचंही, कारण आमच्या बाबतीत ही दोन्ही एकमेकांत कशी अडकली ते ऐका.

पहिल्या वर्षी आमचा दर होता माणशी पन्नास रुपये. कधी चारच माणसं यायची. दोघी बायका अर्धा दिवस घालवायच्या आणि हातात दोनशे रुपये. निंदणीला गेलो असतो तर आमच्याकडे तेव्हा बाईला दिवसाचे चारशे मिळत होते. त्यामुळे मोठा गट आला की आम्हाला हायसं वाटायचं. ऑगस्टमध्ये एका रविवारी सव्वीस जण आले. सव्वीस पन्नास तेराशे. नाही म्हणायचा विचारसुद्धा मनात आला नाही. दोघी निघालो. घळीत धुकं उतरलं, दहा हातांवरचं दिसेना. लेण्यात सगळे मावेनात, अर्धे बाहेर पायऱ्यांवर. वर आल्यावर एक बाई म्हणाली, "आमचे काका कुठायत?" मोजलं तर पंचवीस. पंच्याऐंशी किलोचे, साठीचे गृहस्थ. मोबाईलला रेंज नाही. आमच्यातली एक पुन्हा खाली उतरली, मी बाकीच्यांना घेऊन थांबले. पाऊण तासाने ते सापडले. लेण्याच्या खालच्या वळणावर, बसलेले. गट वर गेला हे कळलंच नव्हतं, धुक्यात उलट खाली उतरत गेले आणि घोटा मुरगळला. घळीतलं पाणी तेवढ्यात वाढलं नाही हे नशीब. त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे सांगत नाही.

त्या संध्याकाळी सभेत भांडण झालं. कुणी म्हणालं, शिट्टी हवी होती. कुणी म्हणालं, काकांचीच चूक. मग आमच्या सचिव म्हणाल्या, "दर माणशी ठेवलाय ना, म्हणून आपण सव्वीस नेले." ते खरं होतं. माणशी दर असला की जास्त माणसं नेण्याचा मोह होतो, आणि अर्ध्यातून परत फिरलं तर पाव्हणे पैसे कापतात म्हणून पुढे रेटायचा मोह होतो. म्हणून आम्ही दरच बदलला.

आता दर पूर्ण फेरीचा आहे. बारा माणसांपर्यंत पंधराशे रुपये, चार आले तरी तेवढेच. त्याचा हिशेब असा. दोघींचं मानधन पाचशे-पाचशे, म्हणजे हजार. पाचशे का, तर त्या दिवसाची मजुरी बुडते ते चारशे, आणि शिकण्यासाठी, फोनवर बोलण्यासाठी, आदल्या दिवशी वाट पाहून येण्यासाठी जो वेळ जातो त्याचे शंभर. जीपचं येणं-जाणं दोनशे. फोन, बॅटरीचे सेल, औषधपेटी भरणं यासाठी शंभर. झाले तेराशे. उरलेले दोनशे गटाच्या खात्यात. पावसाने फेरी रद्द झाली तर तयारीला गेलेल्या बायकांना काही देता यावं आणि नव्या बाईला शिकवताना खर्च निघावा म्हणून ते असतात. बारा माणसं आली तर माणशी सव्वाशे पडतात. सहा आली तर अडीचशे. पाव्हण्यांना हा हिशेब उघड सांगितला की सहसा घासाघीस होत नाही. तुमच्याकडे मजुरी वेगळी असेल, जीप लागत नसेल, तर आकडे तुमचे घाला. मात्र मानधन तुमच्या भागातल्या दिवसाच्या मजुरीखाली जाऊ देऊ नका. तसं झालं की हंगामात बाई शेतावर जाईल आणि पाव्हणे आले तर कुणीच नसेल.

बारापेक्षा जास्त माणसं असली तर दुसरी जोडी लागते आणि दर दुप्पट. तेरा असले तरी. यावरून वाद होतात. "एकासाठी काय एवढं?" असं विचारतात. मग आम्ही सांगतो, एकजण वर पठारावर रांजणापाशी थांबू द्या, नाहीतर दोन वेळा विभागून या. शाळांसाठी सोमवार ते शुक्रवार हजार रुपये घेतो, पण मुलं तेवढीच, बाराला दोघी, आणि शिक्षक वेगळे. जेवण या दरात धरत नाही. ते वेगळं काम, वेगळ्या बायका करतात, त्याचा हिशेबही वेगळ्या वहीत. एकत्र केलं की वाटाड्याचे पैसे भाकरीत जातात. आणि गाडीवाले पाव्हणे आणून देतो म्हणून हिस्सा मागतात. आम्ही देत नाही. एकदा दिला की पाव्हण्यांकडून वाढवून घ्यावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे मधूनच परत फिरलं तरी पैसे पूर्ण. निघण्याआधीच आम्ही रद्द केलं तर आगाऊ घेतलेले पाचशे परत, किंवा दुसरी तारीख. हे फोनवर सांगतो, आणि रांजणापाशी सगळ्यांसमोर पुन्हा. सुरुवातीला वाटलं होतं लोक चिडतील. काही चिडतात. पण मागे फिरा म्हणताना आता सांगणारीच्या मनात मजुरीची काळजी नसते, त्यामुळे तिच्या आवाजातच फरक पडतो.

परत कधी फिरायचं, हेही आम्ही लिहून ठेवलंय. घळीतल्या पायऱ्यांवरून वाहणारं स्वच्छ पाणी गढूळ झालं, किंवा त्यात पानं-काटक्या यायला लागल्या, तर वर पाऊस वाढलाय. लगेच वर यायचं, पाणी घोट्याला लागायची वाट बघायची नाही. ढगांचा गडगडाट ऐकू आला की उघड्या पठारावर आणि अंगठ्यावर जायचं नाही, गाडीत बसायचं. धुक्यात पुढची बाई मागच्या बाईला दिसत नसेल तर घळीत उतरायचंच नाही. आणि पावसाळ्यात प्रशासन काही दिवस अशा जागांवर बंदी घालतं. ती आहे का हे आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत किंवा वनखात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय आम्ही होकार देत नाही.

नानाच्या अंगठ्याचं वेगळं सांगावं लागेल. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि खाली पडणारं पाणी उलटं वर उडवतो. ते बघायला झुंबड उडते. पण वारा नसला तर पाणी नेहमीसारखं खालीच पडतं, म्हणून फोनवर उलट्या धबधब्याचा शब्द आम्ही कुणाला देत नाही. वारा असला तर धोका असा की तो सारखा राहत नाही. माणूस वाऱ्याला रेलून उभा असतो आणि वारा एकदम थांबला की तोल पुढे, कड्याकडे जातो. छत्री तर हातातून माणसाला ओढते. म्हणून छत्र्या गाडीतच. कड्यापासून दहा पावलांवर आम्ही दगडांची ओळ मांडतो, त्यापुढे कुणी नाही. फोटो काढणाऱ्याची पाठ कड्याकडे नको आणि ज्याचा फोटो काढायचा तो मागे सरकायला नको. फोटो काढणारी आमची बाईच असते.

मोजदाद चार वेळा करतो. रांजणापाशी, लेण्यात शिरताना, लेण्यातून निघताना आणि वर आल्यावर. पुढची बाई मोजते, मागची मोठ्याने तोच आकडा म्हणते. आकडा जुळला नाही तर कुणीही पाऊल हलवायचं नाही. मागची बाई कायम मागेच. तिच्याशी गप्पा मारायला कुणी थांबलं तरी त्याला पुढे घालूनच ती चालते. दोघींकडे शिट्टी. तीन लांब शिट्ट्या म्हणजे थांबा आणि मोजा.

निघण्याआधी विचारायचं की दम लागतो का, छातीचं दुखणं आहे का, गुडघे कसे आहेत, कुणाला दिवस गेलेत का. सगळ्यांसमोर विचारलं तर लोक सांगत नाहीत. मागची बाई एकेकाला बाजूला विचारते. अत्तर किंवा उग्र वासाचा फवारा मारून आलेल्यांना मधमाश्यांचं सांगतो. पोळ्याजवळ धूर, सिगारेट, आरडाओरडा चालत नाही. औषधपेटीत पट्ट्या, जंतुनाशक, मुरगळ्यावर बांधायची लवचिक पट्टी आणि ओआरएसच्या पुड्या. गोळ्या आम्ही कुणाला देत नाही. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. माणसाला चालवायचं नाही, उचलून गाडीत घालून थेट दवाखान्यात. 108 ला फोन कुठून लागतो ती पठारावरची जागा आमच्या सगळ्या बायकांना माहीत आहे. तुमच्या किल्ल्यावर रेंज कुठे मिळते ते आधी शोधून ठेवा आणि खडूने नव्हे, वहीत नकाशा काढून लिहा.

सुरू करायचं असेल तर पहिल्या तीन फेऱ्या आपल्याच गटातल्या बायकांच्या करा. एकीने पाव्हणी होऊन मुद्दाम त्रास द्यायचा. मागे राहायचं, कड्याकडे जायचं, "हे कुठे लिहिलंय?" विचारायचं. आमच्या नवीन बाईला हीच परीक्षा असते, आणि पाव्हणीचं काम मी घेते. गेल्या वेळी मी मोजदादीच्या वेळी गुपचूप रांजणामागे जाऊन बसले. तिने अकरा मोजले, मागचीने अकरा म्हटले. मग दोघींनी वहीत पाहिलं, बारा लिहिलेले. तिने जागेवरूनच तीन शिट्ट्या मारल्या. तिला पुढच्या रविवारची फेरी दिली.